हलाल म्हणजे नेमके काय? सुरी, रक्त आणि परवानगी

आपल्या गटांतल्या पुष्कळ जणी शेळ्या आणि गावरान कोंबड्या पाळतात. गिऱ्हाईक कधी हिंदू असते, कधी मुसलमान. बैठकीत एक प्रश्न वारंवार येतो. सकाळी जिवंत असलेली शेळी दुपारी दगावली. मांस ताजे आहे, वासही नाही, मग मुसलमान गिऱ्हाईक तिला हात का लावत नाही? आणि तीच शेळी मरायच्या पाच मिनिटे आधी कापली असती तर त्याने घेतली असती, हे कसे? दोन्हींत फरक तो काय?

त्या पाच मिनिटांत काय बदलते, हे समजले की हलालचे सगळे नियम समजतात. म्हणून आज आपण तेवढेच नीट बघू.

आधी शब्द पाहू. हलाल म्हणजे धर्माने परवानगी दिलेले. त्याच्या उलट हराम, म्हणजे मनाई असलेले. हे दोन्ही शब्द फक्त मांसाचे नाहीत. कष्टाची कमाई हलाल, लाचेची कमाई हराम, असेही म्हणतात. जनावर कापण्याच्या रीतीला अरबीत जबीहा किंवा जिबह म्हणतात. आपल्याकडे नुसते ‘हलाल करणे’ म्हणतात. आणि जे जनावर अशा रीतीने कापण्याआधीच मेले, ते मुरदार.

कुराणाच्या पाचव्या अध्यायात, म्हणजे सूरह माइदामध्ये, काय खायचे नाही त्याची यादी आहे. आपोआप मेलेले जनावर, रक्त, डुकराचे मांस, आणि अल्लाहशिवाय दुसऱ्या कुणाच्या नावाने कापलेले. त्यापुढे गुराख्याला रोज दिसणारे प्रकार आहेत. दाव्याचा फास बसून मेलेले, मार लागून मेलेले, उंचावरून पडलेले, दुसऱ्या जनावराने शिंग मारलेले, हिंस्र प्राण्याने फाडलेले. शेळ्या राखणारीला यातले एकही नवीन नाही. पण या यादीला एक अपवाद जोडलेला आहे: अशा जनावरात जीव असतानाच तुम्ही ते रीतीने कापले, तर चालते. आणि उपासमारीने जीव जायची वेळ आली, हेतू वाईट नसला, तर मनाई केलेले खाल्ल्याचा दोष लागत नाही, असेही तिथेच सांगितले आहे.

हा अपवाद प्रत्यक्षात कसा लावायचा, याची एक गोष्ट हदीसमध्ये येते. हदीस म्हणजे पैगंबर मुहंमद यांच्या बोलण्या-वागण्याच्या नोंदी. सगळ्यांत प्रमाण मानल्या जाणाऱ्या बुखारींच्या संग्रहात ही गोष्ट आहे. मदिनेत कअब इब्न मालिक नावाचे गृहस्थ होते. त्यांच्या घरची एक दासी सलअ नावाच्या टेकडीजवळ मेंढरे चारत होती. कळपातली एक मेंढी मरणाला टेकलेली तिने पाहिली. जवळ सुरी नव्हती. तिने एक दगड फोडला, त्याची धारदार कड घेतली आणि मेंढी कापली. कअब यांनी घरच्यांना सांगितले, पैगंबरांना विचारल्याशिवाय कुणी खाऊ नका. विचारणा झाली आणि उत्तर आले, खा.

या एका छोट्या गोष्टीतून धर्मपंडितांनी किती निर्णय काढले ते बघा. पहिला, मरणाला टेकलेले जनावर जिवंत असताना कापले तर ते हलाल. दुसरा, हत्यार लोखंडाचेच हवे असे नाही. धार हवी, रक्त वाहायला हवे. दुसऱ्या एका हदीसमध्ये याला मर्यादा घातली आहे, की दाताने किंवा नखाने मारू नका. तिसरा निर्णय आपल्या कामाचा: कापणारी बाई होती, मालकीणही नव्हती, दासी होती, तरी तिचे कापणे ग्राह्य ठरले. म्हणून इस्लामच्या चारही सुन्नी विचारधारांमध्ये बाईने कापलेले हलाल मानतात. बाईचा हात लागला की चालत नाही, हा समज गावोगाव ऐकू येतो. त्याला धर्मग्रंथांचा आधार नाही. गावात हे काम पुरुष करतात, तो रिवाज आहे.

आता प्रत्यक्ष रीत काय ते पाहू. एखाद्या बोकडाचेच उदाहरण घेऊ, साधारण तीस किलोचा.

त्याला आधी पाणी दाखवतात. ओढत, फरफटत नेत नाहीत. दुसऱ्या जनावरांसमोर कापत नाहीत. सुरीला धार त्याच्या डोळ्यांआड लावतात. यावरही एक हदीस आहे. एक माणूस बकरीवर पाय देऊन तिच्या देखत सुरी पाजळत होता. पैगंबरांनी त्याला विचारले त्याचा आशय असा, की तुला हिला दोनदा मारायचे आहे का? आडवे पाडायच्या आधीच धार का नाही लावलीस? मुस्लिम नावाच्या दुसऱ्या प्रमाण संग्रहात सर्वसाधारण नियम आहे: अल्लाहने प्रत्येक गोष्ट चांगल्या रीतीने करायला सांगितले आहे, म्हणून कापायचे तर चांगले कापा, सुरीला धार लावा आणि जनावराला यातना होऊ देऊ नका.

मग बोकडाला डाव्या कुशीवर निजवतात आणि तोंड किब्ल्याकडे, म्हणजे मक्केच्या दिशेला करतात. आपल्याकडून ती दिशा पश्चिमेची. किब्ल्याकडे तोंड करणे चांगले मानतात, पण राहून गेले म्हणून मांस हराम होत नाही. कापताना ‘बिस्मिल्लाह, अल्लाहु अकबर’ म्हणतात, म्हणजे अल्लाहच्या नावाने, अल्लाह सगळ्यांत मोठा आहे.

सुरी गळ्याच्या पुढच्या बाजूने फिरते. तिथे चार नळ्या असतात. श्वासनलिका, तिच्यामागे अन्ननलिका, आणि दोन्ही बाजूंना मोठ्या रक्तवाहिन्या. त्या न थांबता झटपट कापायच्या. हनफी विचारधारेत या चारांपैकी निदान तीन कापल्या पाहिजेत, शाफई विचारधारेत श्वासनलिका आणि अन्ननलिका पुऱ्या कापल्या पाहिजेत. मान मागून तोडायची नाही. मणक्यातला मज्जारज्जू कापायचा नाही आणि मुंडके वेगळे करायचे नाही. चुकून वेगळे झाले तर मांस टाकून देत नाहीत, पण तसे करणे वाईट मानतात. कापून झाले की हात थांबवायचा. जनावर पूर्ण शांत होईपर्यंत कातडे सोलायचे नाही, पाय मोडायचे नाहीत.

घाईत चुका होतात त्या इथेच. धार बोथट असेल तर सुरी पुढेमागे घासावी लागते. एकामागून एक खूप जनावरे कापायची असली, तर तडफड चालू असतानाच सोलायला घेतात. दोन्ही गोष्टी नियमाविरुद्ध आहेत. जनावर गेले की नाही हे ओळखायची सोपी खूण अशी: डोळ्याच्या बुबुळाला हलकेच बोट लावायचे. पापणी लवली, तर जाणीव अजून असू शकते, थांबायचे. नुसते पाय झाडणे ही खूण नव्हे. मज्जारज्जू शाबूत असल्यामुळे शुद्ध गेल्यावरही पाय झाडले जातात.

आता कारणांकडे येऊ. मुसलमान अभ्यासक स्वतः जी कारणे देतात, ती मुख्यतः तीन आहेत.

पहिले कारण परवानगीचे. जीव देणारा अल्लाह, म्हणून जीव घ्यायचा हक्क माणसाचा स्वतःचा नाही. त्याचे नाव घेणे म्हणजे परवानगी मागणे. मी रागाने, मौजेने किंवा माझ्या ताकदीवर हा जीव घेत नाही, खाण्यासाठी, त्याने मुभा दिली म्हणून घेतो, असे ते म्हणणे आहे. त्यामागे इतिहासही आहे. इस्लामपूर्व अरबस्तानात मूर्तींच्या नावाने, उभ्या दगडांवर जनावरे कापत असत. एका देवाचे नाव घेण्याच्या नियमाने ती प्रथा बंद केली. आणि मेलेली शेळी का चालत नाही, याचे उत्तर इथेच आहे. तिचा जीव कुणी परवानगी मागून घेतलाच नाही. ती आपली आपण गेली. मेल्यानंतर सुरी फिरवली आणि नाव घेतले तरी उपयोग नाही, कारण परवानगी जीवाची होती आणि जीव आता नाही.

दुसरे कारण दयेचे. सुरी, पाणी, दुसऱ्या जनावरांची नजर यांचे सगळे नियम त्यातून आले. धारदार सुरीने गळ्याच्या मोठ्या रक्तवाहिन्या कापल्या की मेंदूकडे जाणारे रक्त झटकन कमी होते. शेळ्या-मेंढ्यांची शुद्ध साधारण दहा-वीस सेकंदांत हरपते. मोठ्या जनावरांना जास्त वेळ लागू शकतो, कारण त्यांच्या मेंदूला मानेच्या मागच्या बाजूने जाणाऱ्या रक्तवाहिन्यांतूनही रक्त मिळत राहते. म्हणून हलाल रीतीत अजिबात वेदना होत नाही, असे म्हणणे बरोबर नाही. ती किती होते, हे सुरीची धार, कापणाऱ्याचा हात आणि जनावर किती घाबरले होते, यावर ठरते. नियमही त्याच तीन गोष्टींवर बोट ठेवतात.

तिसरे कारण रक्ताचे. वाहते रक्त कुराणात निषिद्ध आहे. गळा कापला तरी मज्जारज्जू शाबूत असतो, हृदय काही वेळ चालू राहते आणि रक्त बाहेर जाते. आपल्या तीस किलोच्या बोकडात अंदाजे दोन लिटर रक्त असते. त्यातले साधारण निम्मे बाहेर पडते, उरलेले अवयवांत आणि मांसात राहते. धर्माने त्या उरलेल्याला मनाई केलेली नाही, मनाई वाहत्या रक्ताला आहे. म्हणूनच काळीज आणि तिल्ली खायला चालते. आपल्याकडे काही घरांत बकऱ्याची रक्ती परतून खातात. मुसलमान घरात ती का होत नाही, ते यावरून कळेल.

आजकाल फोनवर येणाऱ्या संदेशांत एक चौथे कारण असते, की हलालमुळे सगळे रक्त आणि सगळे जंतू निघून जातात. हे दोन्ही खरे नाही. रक्त सगळे निघत नाही. मांस स्वच्छ राहते ते जनावर निरोगी असल्यामुळे, आतडे फुटू न दिल्यामुळे, पाणी आणि हात स्वच्छ असल्यामुळे. हलाल केलेले मांस उन्हात टांगून ठेवले तर तेही नासते. धर्माचा नियम मानायला श्रद्धावंताला प्रयोगशाळेचा दाखला लागत नाही. आणि खोटा दाखला जोडल्याने नियमाचे काही वाढत नाही.

सगळे मुसलमान या नियमांत तंतोतंत एकसारखे आहेत असेही नाही. अल्लाहचे नाव घ्यायचे राहून गेले तर? हनफी म्हणतात, विसरला असेल तर चालते, मुद्दाम घेतले नाही तर चालत नाही. शाफई म्हणतात, नाव घेणे सुन्नत आहे, पण राहिले तरी मांस हराम होत नाही. हा फरक आपल्या महाराष्ट्रातच दिसतो. देशावरचे, मराठवाड्यातले बहुतेक सुन्नी मुसलमान हनफी, तर कोकणी मुसलमान शाफई. माशांचेही तसेच. मासा कापावा लागत नाही, पाण्याबाहेर मेला तरी तो हलाल, यावर दोघांचे एकमत. पण पाण्यावर आपोआप मरून तरंगणारा मासा हनफी खात नाहीत.

मोठा वाद भूल देण्याचा आहे. जनावराला आधी विजेचा झटका देऊन बेशुद्ध करावे आणि मग कापावे, असा पुष्कळ देशांचा कायदा आहे. न्यूझीलंडमध्ये हलाल मांसासाठीही हे बंधनकारक आहे आणि तिथले मांस मुस्लिम देशांत जाते. तिथे धर्मगुरूंनी अट अशी घातली, की झटका हलका हवा, नुसता डोक्याला, आणि कापले नाही तर जनावर पुन्हा शुद्धीवर यायला हवे. थोडक्यात, मरण सुरीने यावे, विजेने नव्हे. काही धर्मगुरूंना हेही मान्य नाही. झटक्याने एखादे जनावर मेलेच, तर ते मुरदार झाले, आणि वेगाने चालणाऱ्या कामात ते ओळखणार कोण, असा त्यांचा प्रश्न आहे. म्हणजे वाद फिरून आपल्या त्याच पाच मिनिटांवर येतो: सुरी फिरली तेव्हा जीव होता का?

आपल्याकडे एकाच घावात मान तोडण्याच्या रीतीला झटका म्हणतात. शीख धर्माच्या आचारसंहितेत मुसलमानी पद्धतीने कापलेले मांस वर्ज्य आहे. उलट ज्यू लोकांची रीत हलालच्या जवळची आहे, गळ्यावरून अखंड धारेची सुरी आणि रक्ताला मनाई. आणि आपल्या जुन्या गावगाड्यात मुलाणी हा बलुतेदार होता. जत्रेचे बोकड हिंदूंचे, देव हिंदूंचा, पण सुरी मुलाण्याची, आणि त्याचा वाटा ठरलेला. पुष्कळ गावांत अजून ‘मुलाणी चाचांना बोलवा’ असेच म्हणतात.

आता शेळी पाळणाऱ्या मैत्रिणींसाठी कामाचे.

शेळी खड्ड्यात पडली, पाय मोडला, किंवा मरणाला टेकली, तर गिऱ्हाईक आधी तिच्यात जीव आहे का ते बघेल. कापताना तिने हालचाल केली किंवा जिवंत जनावराचे येते तसे रक्त उसळून आले, तर जीव होता असे धरतात. नुसते ओघळले आणि हालचालही नाही, तर शंका घेतात. म्हणून अपघातात सापडलेल्या शेळीबद्दल लगेच कळवा आणि खरे सांगा. मेलेल्या शेळीचा गळा कापून ती हलाल म्हणून विकणे ही नुसती लबाडी नाही. विश्वासाने घेणाऱ्याच्या ताटात आपण त्याच्या धर्माने मना केलेली वस्तू वाढतो. आपल्या उपवासाच्या फराळात कुणी मुद्दाम मांस मिसळले तर जसे वाटेल, तसेच ते आहे.

पण इथे एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा. हलाल ठरणे आणि खाण्यालायक असणे, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. अपघात झालेली शेळी वेगळी आणि आजारी शेळी वेगळी. तापाने फणफणलेली, विषारी चारा खाल्लेली, पिसाळलेले कुत्रे चावलेली शेळी कापू नका. पशुवैद्यांना बोलवा. औषधाचे इंजेक्शन झाले असेल, तर किती दिवस मांस विकायचे नाही ते त्यांनाच विचारा. आणि चांगली दिसणारी शेळी अचानक मरून पडली, नाकातून किंवा गुदद्वारातून काळपट, न गोठणारे रक्त आले, तर फाशी रोगाची शंका घ्या. अशा जनावराला सुरी लावूच नका. हा रोग माणसाला होतो, आणि कापल्यावर त्याचे जंतू हवेत आणि मातीत पसरून वर्षानुवर्षे टिकतात. पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवून, ते सांगतील तसे चुना टाकून खोल पुरायचे.

बकरी ईदच्या बोकडाला रोजच्या मांसापेक्षा जास्त अटी असतात. हनफी विचारधारेत तो चांद्र वर्षाने निदान एक वर्षाचा हवा. म्हणून गिऱ्हाईक तोंड उघडून पुढचे दोन मोठे दात आले का ते बघते. एका डोळ्याने आंधळा, स्पष्ट लंगडणारा, आजारी, हाडे दिसणारा बोकड कुर्बानीला चालत नाही. कुराणाच्या बाविसाव्या अध्यायात याचे कारण आले आहे, त्याचा अर्थ असा: मांस आणि रक्त अल्लाहपर्यंत पोचत नाही, पोचते ती तुमची निष्ठा. म्हणून चांगले जनावर द्यायचे आणि मांस गरिबांनाही वाटायचे.

सरकारी कायदाही माहीत असू द्या. १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याच्या कलम २८ नुसार, धर्माने सांगितलेल्या रीतीने जनावर कापणे हा गुन्हा ठरत नाही. पण २००१ च्या कत्तलखाना नियमांत गाभण जनावर, किंवा तीन महिन्यांच्या आतले पिल्लू असलेले जनावर कापायला मनाई आहे. आणि एका जनावरासमोर दुसरे कापायचे नाही, हेही तिथे लिहिले आहे. हे शेवटचे कलम हदीसच्या शिकवणीशी जुळते, हे तुमच्या ध्यानात आलेच असेल.

तेव्हा पुढच्या वेळी गिऱ्हाइकाने ‘जिवंत असताना कापली होती का?’ असे विचारले, तर राग धरू नका. ते आपल्या शेळीला नावे ठेवत नाही. त्याच्या धर्मात तोच पहिला प्रश्न आहे. खरे उत्तर द्या.

पुढच्या कार्यक्रमात शेळ्यांच्या जंताच्या औषधाबद्दल बोलू. नमस्कार.